मदत हवी आहे: मॉनिटर कॅलिब्रेट नाही, हळदीचा व्हिडिओ नुसते स्कोप बघून कसा ग्रेड करू?

मिरजकर_एडिटर
नमस्कार मंडळी, मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रिझॉल्व्हवर. स्क्रीन म्हणजे साधा ऑफिसचा मॉनिटर, कॅलिब्रेशन कधीच केलेलं नाही आणि प्रोब घ्यायला आत्ता पैसे नाहीत. मागच्या आठवड्यात एक हळद ग्रेड करून दिली, माझ्या स्क्रीनवर एकदम मस्त दिसत होती, पण नवरीच्या भावाचा फोन आला की सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसतेय. मग तीन वेगवेगळ्या फोनवर टाकून बघितलं, तिन्हीवर पिवळंच. म्हणजे माझा मॉनिटर निळसर दाखवतो आणि मी नकळत पिवळं वाढवत गेलो.

आता परत करायचंय आणि या वेळी वेव्हफॉर्म, व्हेक्टरस्कोप बघूनच करायचं ठरवलंय. स्किन टोनची रेघ चालू केली, नवरीचा चेहरा त्या रेघेवर आणला, तर आजोबांची पांढरी टोपी जांभळट झाली. निदान मला तरी तशी वाटतेय, पण स्क्रीनवर विश्वास ठेवायचा कसा हाच तर प्रश्न आहे. रेघ सोडली तर चेहरा पिवळ्याकडे पळतो. खरं कुठलं धरू? आणि चेहरा वेव्हफॉर्मवर किती टक्क्यांवर पाहिजे? शूट सकाळी १० चं, अंगणात, वर पिवळ्या कापडाचा मांडव, नवरीची साडी पण पिवळीच.

शटर_१८०
एवढा विचार करू नकोस भावा. चेहरा ७०% वर ठेव, व्हेक्टरस्कोपवर रेघेवर ठेव, झालं काम. माणूस कुठल्याही रंगाचा असो, रेघ सगळ्यांना एकच असते, मी कायम असंच करतो.

मॅकवरची_मृणाल
मला पण सेम प्रॉब्लेम आहे!! रिझॉल्व्हमध्ये छान दिसतं आणि एक्स्पोर्ट करून क्विकटाइममध्ये उघडलं की फिक्कं पडतं, काळा रंग राखाडीसारखा दिसतो. स्कोपवर काय बदलू म्हणजे ते जाईल?

नोडवाली
मृणाल, तुझा प्रश्न वेगळा आहे. एक्स्पोर्ट केलेली फाइल परत टाइमलाइनवर आण आणि मूळ शॉटचा वेव्हफॉर्म तिच्या वेव्हफॉर्मशी लावून बघ. दोन्ही सारखे आले तर फाइल बरोबर आहे, प्लेअर तिचा गॅमा वेगळा लावतोय, तेव्हा ग्रेडला हात लावू नकोस. काळं आणि पांढरं दोन्ही सरकलेलं दिसलं तर मात्र व्हिडिओ लेव्हल आणि फुल लेव्हलचा घोळ आहे, त्यासाठी वेगळा धागा काढ, इथे गुंता होईल.

आता मिरजकर. शटरदादाचं अर्धं बरोबर आहे. गोरा-सावळा कुठलाही चेहरा असला तरी कातडीचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो, कारण आतलं रक्त सगळ्यांचं लाल. पण तुझ्या नवरीच्या चेहऱ्यावर कातडी दिसतच नाहीये रे, हळद दिसतेय! हळद पिवळ्या खोक्याकडेच जाणार, तिथेच तिची जागा आहे. तिला ओढून रेघेवर आणायचं म्हणजे अख्ख्या फ्रेममध्ये निळं नि किरमिजी ओतायचं, म्हणून टोपी जांभळी झाली. या वेळी तुझा डोळा बरोबर सांगत होता.

असं कर. ज्याला हळद लागलेली नाही आणि जो मांडवाच्या बाहेर उभा आहे असा माणूस शोध. त्याच्या कपाळावर छोटी पॉवर विंडो टाक आणि Shift+H दाब, म्हणजे व्हेक्टरस्कोपवर तेवढ्याच तुकड्याचा रंग राहील, बाकीचं मधल्या ठिपक्यात जाईल. तो तुकडा रेघेला लागला की बास. त्याआधी टोपी आरजीबी परेडवर बघ, लाल-हिरवा-निळा साधारण एका उंचीवर आले तर ती पांढरी आहे. फक्त टोपी उन्हातली घे, मांडवाखालच्या टोपीवर कापडाचा पिवळा उजेड पडतो, ती पिवळसर दिसणं बरोबरच आहे.

आणि ७०% हा आकडा गोऱ्या चेहऱ्याच्या उजळ बाजूचा. आपल्याकडे उजेडातला गाल ४५ ते ६० च्या दरम्यान असला तरी नॉर्मल वाटतो, सावळा माणूस आणखी खाली पण चालतो. सगळ्यांना ७० वर उचललंस की आजी आणि नात एकाच रंगाच्या होतील.

शटर_१८०
७० चं मला कॅमेऱ्याच्या झेब्रावरून माहीत होतं, कातडीप्रमाणे बदलतं हे नव्हतं माहीत. पण टोपीवर एवढा भरवसा? आमच्याकडे आजोबा टोपीला नीळ द्यायचे, ती मुळातच निळसर असायची.

नोडवाली
हे बरोबर बोललात दादा, ते माझ्याकडून राहिलं. म्हणूनच एका वस्तूवर थांबायचं नाही. उन्हातलं डांबर, राखाडी कपडा असं दुसरं काहीतरी शोधून ताडून बघायचं. दोन्हीकडे निळा एकाच बाजूला चुकत असेल तर चूक ग्रेडची, एकट्या टोपीतच जास्त असेल तर ती नीळ. स्टीलचा तांब्या मात्र धरू नका, त्यात अख्खा मांडव दिसत असतो.

मिरजकर_एडिटर
ताई खूप खूप धन्यवाद, करून बघितलं. माझ्या जुन्या ग्रेडमध्ये उन्हातल्या टोपीवर लाल ८४० च्या आसपास, हिरवा ८१० आणि निळा फक्त ६४० होता (माझा स्केल १०२३ चा आहे). म्हणजे मी निळा किती खाली दाबला होता ते आकड्यात दिसलं. गेटबाहेरच्या डांबरावर पण निळाच कमी. गेनमधून निळा वर घेतला, टोपी ८३०, ८१५, ७९० वर आणून थांबवली, सकाळचं ऊन थोडं उबदार राहू दिलं. मग हळद न लागलेल्या मामांचं कपाळ तपासलं तर न ओढताच रेघेला लागलं होतं! नवरीचा चेहरा रेघ आणि पिवळा खोका यांच्या मधे आहे, तसाच ठेवला.

आता दुसरीच अडचण. नवरीच्या साडीच्या निऱ्या फोनवर दिसत नाहीत, नुसता पिवळा ठोकळा दिसतो. वेव्हफॉर्मवर तर साडी ८५% च्या पुढे जात नाही, मग जळली कशी?

नोडवाली
तू ल्युमा वेव्हफॉर्म बघतोयस, तो तीन चॅनलचा मिळून एकच आकडा देतो आणि त्यात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा असतो. समज साडीवर लाल १०२३ ला टेकलाय, हिरवा ९०० आणि निळा १००. ल्युमा येईल ८७० च्या आत, म्हणजे ८५%, बघणाऱ्याला वाटतं अजून जागा आहे. पण लाल केव्हाच छताला लागलाय. निरीच्या उजळ-गडदातला लालाचा फरक तिथेच कापला जातो. परेड लाव, लाल चॅनलच्या वरच्या टोकाला सरळ कापल्यासारखी रेघ दिसेल.

ग्रेडच्या आधीच्या मूळ क्लिपवर पण तशी रेघ असेल तर कॅमेऱ्यातच गेलंय, परत येणार नाही. क्लिपमध्ये लाल मोकळा असेल तर फक्त पिवळा पकडून सॅच्युरेशन आणि गेन थोडा कमी कर, लाल ९५० च्या खाली येईपर्यंत.

मिरजकर_एडिटर
बघितलं. मूळ क्लिपमध्ये लाल ९६० पर्यंतच आहे, म्हणजे मीच जाळलं होतं. पिवळ्याचं सॅच्युरेशन कमी केल्यावर पदराच्या घड्या दिसायला लागल्या, काठाची जरी पण सुटी झाली. दोन फोनवर ठीक आहे, तिसऱ्यावर अजून भडक दिसतंय.

शटर_१८०
तिसऱ्याचा डिस्प्ले व्हिव्हिड मोडवर असेल, सेटिंगमध्ये नॅचरल करून बघ. पण क्लायंट व्हिव्हिडवरच बघणार ना? मी तर त्यासाठी थोडं कमीच ठेवतो.

नोडवाली
मी नाही ठेवत. प्रत्येक फोन वेगळा चुकतो, कुठल्या कुठल्या चुकीला भरपाई देणार? पण यावर लोकांची मतं वेगळी आहेत हे मान्य.

मिरजकर, एक मात्र लक्षात ठेव. मांडवाखाली बसलेल्या माणसांना कितपत पिवळं ठेवायचं हे स्कोप सांगणार नाही. तो उजेड खरंच पिवळा होता. पूर्ण काढलास तर मांडव गेल्यासारखा वाटेल, पूर्ण ठेवलास तर परत फोन येईल. तिथे मी मांडवाखाली बसलेल्या, पण हळद न लागलेल्या एखाद्या बाईचा हात बघते आणि रेघेपासून पिवळ्याकडे थोडासा सरकलेला ठेवते. किती थोडासा ते मला आकड्यात सांगता येत नाही.

मिरजकर_एडिटर
तेच आत्ता करतोय, नवरीच्या काकूंचा बांगड्यांचा हात घेतलाय. दोन व्हर्जन काढून भावाला पाठवतो, कुठलं आवडलं ते इथे टाकतो. आणि कुणाकडे रात्रीच्या संगीतचा, निळ्या एलईडीखालचा शॉट दुरुस्त करायचा अनुभव असेल तर सांगा, तिथे ना टोपी पांढरी राहते ना कुणाचं कपाळ रेघेवर येतं.