रद्द झालेले फ्रँकफर्ट–मुंबई विमान आणि न मिळालेली बॅग : भरपाईचा हिशोब

प्रेषक : अश्विनी
दिनांक : ३ डिसेंबर २०२५

सर्वांना सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यात आमच्यावर जो प्रसंग आला, त्याची तक्रार मी या आठवड्यात विमान कंपनीकडे पाठवणार आहे. त्याआधी माझा हिशोब कुणी जाणकाराने तपासून दिला तर मी ऋणी राहीन.

धाकट्या भावाच्या लग्नासाठी आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे यजमान आणि सहा वर्षांची मुलगी, १४ नोव्हेंबरला फ्रँकफर्टहून आखातातील एका विमानतळावर विमान बदलून मुंबईला जाणार होतो. कंपनी युरोपीय नाही आणि तिकीट सगळ्या प्रवासाचे एकच होते. बॅगा देऊन झाल्यावर, आम्ही गेटपाशी बसलेलो असताना, तांत्रिक बिघाडामुळे विमान रद्द झाल्याचे सांगण्यात आले. काउंटरवर हॉटेलची कूपने संपली होती, म्हणून आम्ही स्वतःच खोली घेतली. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने १६ तारखेला, म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा २५ तास उशिरा, आम्ही मुंबईत उतरलो. सामानाचा पट्टा रिकामा फिरत राहिला आणि शेवटी थांबला, तरी लाल फीत बांधलेली आपली बॅग येईल म्हणून मुलगी तिथून हलायला तयार नव्हती.

दोन बॅगांपैकी एक २१ नोव्हेंबरला ठाण्याच्या घरी पोचली. लाल फितीची बॅग आजतागायत मिळालेली नाही. तिच्यात माझ्या साड्या, वहिनीसाठी घेतलेली पैठणी, मुलीचे कपडे आणि यजमानांचे बूट होते. कंपनीने प्रत्येकी ३०० युरोची व्हाउचर देऊ केली आहेत आणि ती स्वीकारल्यास प्रकरण मिटले असे समजले जाईल, असे कळवले आहे.

माझा हिशोब असा आहे : रद्द विमानाचे ६०० युरो प्रत्येकी, परंतु मुलीचे तिकीट सवलतीचे असल्याने फक्त दोघांचे १,२०० युरो. हरवलेल्या बॅगेतील वस्तूंची खरेदी किंमत १,३१० युरो. त्या बॅगेचा टॅग यजमानांच्या नावावर असल्यामुळे माझ्या आणि मुलीच्या वस्तू धरता येतील का, हे मला कळत नाही.

आपली,
अश्विनी

प्रेषक : पराग
दिनांक : ३ डिसेंबर २०२५

नमस्कार अश्विनीताई,

६०० युरोचा आकडा बरोबर आहे, कारण फ्रँकफर्ट ते मुंबई हे अंतर ३,५०० किलोमीटरपेक्षा बरेच जास्त आहे. मात्र तांत्रिक बिघाड हे असाधारण कारण ठरत असल्याने ही रक्कम मिळेल अशी आशा धरू नये असे मला वाटते, आणि व्हाउचर हातचे सोडू नका. सामानाच्या बाबतीत मात्र तुमची मागणी फार कमी आहे. विमान प्रवासाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार बॅगेमागे १,५१९ एसडीआर मिळतात. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक आहे. एका एसडीआरचे १.१७ युरो धरले तर ते साधारण १,७७७ युरो होतात. तुमच्या दोन बॅगा होत्या, म्हणून ३,५५४ युरो मागावेत.

पराग

प्रेषक : वसंत
दिनांक : ४ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

हीच गोष्ट आमच्या बाबतीतही घडली आहे. आम्ही दोघे ज्येष्ठ नागरिक मार्चमध्ये मुंबईहून आखातामार्गे फ्रँकफर्टला परत येत होतो आणि आमचे विमान मुंबईतच रद्द झाले. कंपनीने हॉटेल दिले, जेवण दिले, पण एक पैसाही दिला नाही. आमचे जाण्यायेण्याचे तिकीट जर्मनीत काढलेले होते, म्हणजे आमचेही १,२०० युरो झाले ना? अर्ज कुठे करायचा ते कृपया कळवावे.

वसंत

प्रेषक : मीनल
दिनांक : ४ डिसेंबर २०२५

नमस्कार अश्विनी, पराग आणि वसंतकाका,

मी काही वर्षे येथील ग्राहक सल्ला केंद्रात विमान प्रवाशांची प्रकरणे पाहत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अश्विनी, तुझ्या प्रकरणात दोन वेगळे कायदे लागू होतात आणि त्यांचे हिशोब एकमेकांत मिसळू नयेत. विमान रद्द झाल्याची भरपाई युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीतून मिळते. ती ठरावीक रक्कम असते आणि तुमचे प्रत्यक्षात किती नुकसान झाले हे तिथे दाखवावे लागत नाही. सामानाची भरपाई माँट्रियल करारातून मिळते आणि तिथे प्रत्येक युरो सिद्ध करावा लागतो. कंपनीने एकाच व्हाउचरमध्ये दोन्ही गुंडाळले आहे, ते स्वीकारू नकोस. नियमावलीप्रमाणे भरपाई रोखीत किंवा बँकेतून द्यायची असते, आणि प्रवाशाने लेखी संमती दिली तरच व्हाउचर चालते.

कंपनी युरोपीय नसली तरी विमान युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणार होते, एवढे कारण नियमावली लागू व्हायला पुरेसे आहे. तांत्रिक बिघाडाबद्दल परागचे म्हणणे मी अनेक वर्षे कंपन्यांच्या पत्रांत वाचत आले आहे, पण ते बहुतेक वेळा टिकत नाही. युरोपीय न्यायालयाने २००८ सालीच स्पष्ट केले, की विमानांची देखभाल करताना जे बिघाड आढळतात ते कंपनीच्या नेहमीच्या कामकाजाचाच भाग आहेत. विमानाच्या निर्मितीतला छुपा दोष उघड होणे किंवा घातपात होणे अशी कारणे वेगळी. म्हणून कंपनीला नेमका कोणता बिघाड झाला ते लेखी विचार. नुसते ‘तांत्रिक कारण’ असे उत्तर आले, तर असाधारण कारण सिद्ध करण्याची जबाबदारी तिचीच आहे हे तिला कळव.

मुलीला वगळू नकोस. लहान मुलांसाठीचे सवलतीचे भाडे सर्वांसाठी खुले असते, त्यामुळे तिलाही पूर्ण ६०० युरो मिळतात. सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या भाड्यात किंवा फुकट प्रवास करणाऱ्यांनाच ते मिळत नाहीत. तेव्हा ही रक्कम १,८०० युरो झाली. हॉटेल, जेवण आणि टॅक्सीच्या पावत्या असतील तर तो खर्च याशिवाय माग, कारण राहण्याखाण्याची सोय करणे कंपनीचे स्वतंत्र कर्तव्य होते.

आता सामान. परागने सांगितलेला १,५१९ एसडीआरचा आकडा बरोबर आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून तोच लागू आहे. पण ती मर्यादा बॅगेमागे नसून प्रवाशामागे आहे, आणि ती कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. उशिरा आलेल्या बॅगेसाठी तुला फक्त त्या पाच दिवसांतील आवश्यक खरेदी मागता येईल. हरवलेल्या बॅगेसाठी वस्तूंची आजची किंमत मागता येईल, तीन वर्षे वापरलेल्या कोटाची खरेदी किंमत नव्हे. टॅग यजमानांच्या नावावर आहे याची चिंता करू नकोस. २०१२ सालच्या एका निकालात न्यायालयाने म्हटले आहे, की दुसऱ्याच्या नावाच्या बॅगेत आपल्या वस्तू होत्या हे सिद्ध केल्यास तो प्रवासीही आपल्या मर्यादेत भरपाई मागू शकतो. म्हणून यादी तिघांच्या नावे वेगळी कर.

मुदती मात्र कडक आहेत. उशिरा आलेल्या बॅगेची लेखी तक्रार ती हातात मिळाल्यापासून २१ दिवसांत, म्हणजे तुझ्या बाबतीत १२ डिसेंबरपर्यंत गेलीच पाहिजे. मुंबईच्या काउंटरवर भरलेल्या फॉर्मवर विसंबू नकोस, वेगळे पत्र पाठव. न आलेली बॅग १६ तारखेला यायला हवी होती, म्हणून ७ डिसेंबरचा दिवस उलटल्यावर ती हरवली असे धरून मागणी करता येईल. दोन्ही मागण्या ८ तारखेला एकत्र पाठवल्या तरी चालेल. सामानाबद्दल दावा दोन वर्षांत लावावा लागतो आणि ती मुदत वाढत नाही. ६०० युरोची मागणी मात्र जर्मन कायद्यानुसार २०२८ सालच्या अखेरपर्यंत करता येते. म्हणून बरेच लोक विमानाच्या पैशांसाठी निवांत राहतात आणि त्यांच्या नकळत सामानाचा हक्क बुडतो.

वसंतकाका, आपल्याला निराश करावे लागत आहे याचे वाईट वाटते. परतीचे तिकीट जर्मनीत काढले तरी परतीचा प्रवास स्वतंत्र धरला जातो. ड्युसेलडॉर्फहून मनिलाला गेलेल्या एका प्रवाशाच्या परतीच्या विमानाबद्दल न्यायालयाने २००८ सालीच तसे ठरवले आहे. आपले विमान मुंबईहून सुटणार होते आणि कंपनी युरोपीय नव्हती, म्हणून ही नियमावली लागू होत नाही. विलंबामुळे झालेला एखादा प्रत्यक्ष खर्च पावतीसह असेल तर माँट्रियल कराराखाली तो मागता येईल.

मीनल

प्रेषक : वसंत
दिनांक : ५ डिसेंबर २०२५

मीनलताई, आभारी आहे. फ्रँकफर्टहून बाजेलला जाण्याची आमची रेल्वेची तिकिटे फुकट गेली होती. ती शोधतो.

वसंत

प्रेषक : अश्विनी
दिनांक : ८ डिसेंबर २०२५

मीनलताई, सादर नमस्कार.

आपण सांगितल्याप्रमाणे शनिवार-रविवार बसून सगळी कागदपत्रे लावली. विमानाचे १,८०० युरो. हॉटेल ११८, जेवण ४६, जाण्यायेण्याची टॅक्सी ५९, असे २२३ युरो. ठाण्यात पाच दिवसांसाठी घेतलेले कपडे १०० आणि प्रसाधनाचे सामान ३८, असे बँकेच्या नोंदीप्रमाणे १३८ युरो. हरवलेल्या बॅगेतील वस्तूंची किंमत वापरानुसार कमी करून ९४० युरोवर आणली, त्यांत माझे ६१०, मुलीचे १९० आणि यजमानांचे १४०. तिघेही आपापल्या मर्यादेच्या खूप आत आहोत. एकूण मागणी ३,१०१ युरो होते.

पैठणीची पावती सापडली. बाकीच्या वस्तूंसाठी जुने फोटो आणि बँकेच्या नोंदी जोडल्या. एका फोटोत मुलगी उघड्या बॅगेशेजारी बसली आहे आणि आतले कपडे स्पष्ट दिसतात. तो फोटो असा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

एक अडचण उरली आहे. त्याच बॅगेत वहिनीसाठी चांदीच्या निरांजनांची जोडी होती, किंमत २१० युरो. तिकिटाच्या अटींत मौल्यवान वस्तू बॅगेत ठेवू नयेत असे लिहिले आहे. ती मागावी का?

अश्विनी

प्रेषक : पराग
दिनांक : ८ डिसेंबर २०२५

ताई, माझ्या चुकीबद्दल क्षमस्व. निरांजने मात्र मागू नयेत असे मला वाटते, कारण त्यामुळे बाकीच्या यादीवरही संशय येईल.

पराग

प्रेषक : मीनल
दिनांक : ८ डिसेंबर २०२५

अश्विनी, माझे मत परागपेक्षा वेगळे आहे, पण खात्री देता येणार नाही. करारात चांदीला वगळलेले नाही आणि कंपनीला स्वतःच्या अटींनी करारातील जबाबदारी टाळता येत नाही. मात्र तू निष्काळजीपणा केलास असे म्हणून कंपनी रक्कम कमी करायचा प्रयत्न करेल, आणि न्यायालये यावर नेहमी एकसारखी वागलेली नाहीत. निरांजने स्वतंत्र ओळीत, पावतीसह लिही, म्हणजे ती नाकारली तरी ३,१०१ युरोच्या मागणीला धक्का लागणार नाही. कपड्यांच्या १०० युरोंपैकी काही कापले गेले तर त्याचेही आश्चर्य वाटून घेऊ नकोस, कारण कपडे तुमच्याजवळ राहतात असे कंपन्या म्हणतात. प्रसाधनाचे ३८ युरो सहसा पूर्ण मिळतात.

दोन महिन्यांत समाधानकारक उत्तर आले नाही तर लवादाकडे जाता येते. प्रवाशाला त्याचा खर्च नसतो. ही कंपनी प्रवासी लवाद मंडळाची सभासद नसेल, तर बॉनच्या बुंडेसआम्ट फ्युर युस्टित्स या केंद्रीय न्याय कार्यालयातील लवादाकडे अर्ज करावा लागेल.

मीनल

प्रेषक : अश्विनी
दिनांक : ९ डिसेंबर २०२५

काल सायंकाळी पत्र ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने, दोन्ही मार्गांनी पाठवले. निरांजने शेवटच्या ओळीत वेगळी लिहिली आहेत. व्हाउचर नाकारल्याचे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट केले आहे. ८ फेब्रुवारीपर्यंत उत्तर आले नाही तर बॉनला लिहीन आणि जे होईल ते येथे कळवीन.

अश्विनी