आयटीटी की पीपी: गोळ्या सोडून उसाला गेलेल्या बायका कुठं मोजायच्या?

पीजी, बीड: प्रबंधाचा प्रोटोकॉल लिहितोय. रक्तक्षय असलेल्या महिलांत शिरेतून लोह चांगलं की रोजच्या गोळ्या? 12 आठवड्यांनी हिमोग्लोबिन 12 गाठलं की यश. दसऱ्यानंतर बऱ्याच जणी ऊसतोडीला जातात, गोळ्या सुटतात. म्हणून मुख्य विश्लेषण पीपीच ठेवावं, म्हणजे ठरलेले उपचार नीट घेतलेल्याच मोजाव्यात, असं वाटतं. चुकतंय का?

फिजिशियन, लातूर: बरोबर आहे तुझं. गोळी पोटात गेलीच नाही तर औषधाला दोष का द्यायचा? आयटीटीत, म्हणजे उपचार घेतले-न घेतले तरी सगळ्या आपापल्या गटात मोजल्या की, फरक नेहमी कमीच दिसतो.

सांख्यिकी, संभाजीनगर: सर, नेहमी नाही. कल्पनेतले आकडे मांडते. दोन्ही गटांत 100 जणी. गोळ्यांच्या गटात 60 जणींनी 80 टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांतल्या 45 जणींना यश. उरलेल्या 40 पैकी 13. इंजेक्शन 96 जणींनी घेतलं, 70 जणींना यश. न घेतलेल्या 4 पैकी एकीला. पीपीत गोळ्या 75 टक्के, इंजेक्शन 73. आयटीटीत गोळ्या 58, इंजेक्शन 71. निष्कर्षच उलटला.

कारण त्या 60 जणी घरी थांबलेल्या, बऱ्या खाणाऱ्या. चिठ्ठीनं सारखे केलेले गट आपणच मोडले. 1980 साली हृदयविकाराच्या औषधांच्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या चाचणीत हेच दिसलं. औषध नसलेल्या गोळ्या नीट घेणाऱ्यांत पाच वर्षांत 15.1 टक्के मृत्यू, टाळणाऱ्यांत 28.2.

इंटर्न, परभणी: गळतीसाठी नमुना 10 टक्के वाढवला की झालं ना?

सांख्यिकी, संभाजीनगर: संख्या भरून निघेल, पण कोण गळालं त्यानं आलेला कल तसाच राहील.

क्षेत्र समन्वयक, केज: आमच्या अभ्यासात आम्ही गेलेल्यांची नावंच खोडली होती. नंतर परीक्षकांनी विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं. आता नाव नोंदवतानाच मुकादमाचा फोन घेतो आणि बाराव्या आठवड्यात कारखान्यावरच्या खोपीवर जाऊन रक्त घेतो. गोळी सोडली म्हणजे अभ्यास सोडला असं नाही.

फिजिशियन, लातूर: आकडे पटले. पण एकही इंजेक्शन न घेतलेली बाई इंजेक्शनच्या गटात मोजायची, हे मला अजून पटत नाही.

सांख्यिकी, संभाजीनगर: दवाखान्यात इंजेक्शन ठरवून दिल्यावर काय घडतं, हे विचारायचं असेल तर मोजावीच लागते. पीजी, असं लिही: ‘मुख्य विश्लेषण आयटीटी: चिठ्ठीनं गट मिळालेली प्रत्येक महिला त्याच गटात. पूरक विश्लेषण पीपी: किमान 80 टक्के गोळ्या किंवा ठरलेली सर्व इंजेक्शनं घेतलेल्या, प्रवेशाचे निकष मोडले नाहीत अशा, बाराव्या आठवड्याचं हिमोग्लोबिन मिळालेल्या महिला.’ ही व्याख्या पहिल्या महिलेच्या नोंदणीआधीच पक्की कर; नंतर कुणाला वगळायचं हे निकाल बघून ठरतं. मात्र ‘आठवड्याची गोळी रोजच्यापेक्षा वाईट नाही’ असा प्रश्न असता, तर एकट्या आयटीटीवर भागलं नसतं. दोन्ही गटांनी गोळ्या सोडल्या की दोन्ही सारखेच दिसतात.

पीजी, बीड: आणि जिचं रक्तच मिळालं नाही?

सांख्यिकी, संभाजीनगर: मी मुख्य हिशेबात अपयश धरते आणि दुसऱ्या गृहीतकानं पुन्हा मोजते.

फिजिशियन, लातूर: सरसकट अपयश? इंजेक्शन घेऊन गेलेली बाई बरीही झाली असेल. हे मला मान्य नाही.