शब्दचर्चा: दोन मोजमापांमधल्या किमतीला काय म्हणावं?

पॉलिटेक्निकवाली, नागपूर
मुलांसाठी प्रयोगपुस्तिका मराठीत लिहिते आहे. प्रयोग असा: पट्टीवर स्टीलची भरीव गोळी घरंगळते, वर कॅमेरा. कॅमेरा दर 40 मिलीसेकंदांनी गोळीची जागा सांगतो, पट्टी कलवणाऱ्या मोटरला मात्र दर 5 मिलीसेकंदांनी आदेश जातो. म्हणजे आठातल्या सात वेळा ताजं मोजमाप नसतंच. त्या सात किमती आपण काढतो, त्याला ‘अंतर्वेशन’ लिहू का? आणि मल्टिरेट सँपलिंगला ‘बहुदर नमुनन’ फारच सरकारी वाटतंय.

वऱ्हाडी गणित
लिहा की. दोन बिंदू, मधून सरळ रेष, रेषेवरच्या किमती वाचायच्या. हेच अंतर्वेशन.

हिंगणा एमआयडीसी
भाऊ, दुसरा बिंदू आणणार कुठून? पुढचा फोटो यायचाच आहे. तो येईपर्यंत थांबलात तर रेष छान निघेल, पण 40 मिलीसेकंद उशिरा, आणि तोवर गोळी गेली पुढे. रेकॉर्ड केलेला डेटा नंतर पाहताना अंतर्वेशन ठीक. चालू मोटरला लागतं ते पूर्वानुमान.

वऱ्हाडी गणित
मग शेवटची किंमत तशीच धरून ठेवायची. सोपं काम.

हिंगणा एमआयडीसी
जागेपुरतं निभेल, वेगाचं काय? गोळी सेकंदाला 200 मिलिमीटर पळते आहे, म्हणजे दोन फोटोंत 8 मिलिमीटर. प्रोग्राम दर 5 मिलीसेकंदांनी ‘आत्ताची जागा वजा मागची जागा’ करतो. सात वेळा उत्तर शून्य, आठव्यांदा 8 भागिले 0.005, म्हणजे सेकंदाला 1600. मोटरला वाटतं गोळी उभी आहे, उभी आहे, आणि एकदम गोळीसारखी सुटली! सेकंदाला 25 झटके बसतात. गिअरबॉक्सची घरघर कानाला ऐकू येते, ग्राफ काढायचीही गरज नाही.

त्यापेक्षा प्रोग्रामात गोळीची जागा आणि वेग दोन्ही चालते ठेवा. पट्टी किती कलली आहे ते मोटरच्या एन्कोडरवरून कळतंच. न घसरता घरंगळणाऱ्या भरीव गोळीचं त्वरण `(5/7) g sin α`. 3 अंशांना सेकंदवर्गाला साधारण 0.37 मीटर. दर 5 मिलीसेकंदांनी त्यावरून वेग आणि जागा पुढे सरकवायची. फोटो आला की आपला अंदाज आणि कॅमेऱ्याची किंमत यांतला फरक बघून दोन्ही थोडे दुरुस्त करायचे. या प्रयोगात त्वरणामुळे 40 मिलीसेकंदांत जागा जेमतेम 0.3 मिलिमीटर बदलते, पण वेग 15 मिलिमीटरनी बदलतो, आणि मोटर सावरते ती वेगावरूनच.

काटोलची बाग
माझ्या संत्र्याच्या बागेत ओलाव्याचा सेन्सर अर्ध्या तासाला एकदा आकडा पाठवतो, व्हॉल्व्ह मात्र लगेच उघडतो-मिटतो. आकडा येईस्तोवर पाणी जास्त होऊन जातं. सेन्सर बदलू का?

हिंगणा एमआयडीसी
ताई, विषय मोटरचा होता, पण तुमची गोष्ट त्यातलीच आहे. तासाला 4 लिटरचा ड्रिपर असेल तर अर्ध्या तासात 2 लिटर गेलं, हे सेन्सर गप्प असतानाही तुम्हाला माहीत असतं. त्या हिशोबानं व्हॉल्व्ह आधीच बंद करा आणि पुढच्या आकड्यावर हिशोब जुळवून घ्या. पाणी झिरपून सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, तो मात्र तुमच्या मातीतच मोजावा लागेल.

पॉलिटेक्निकवाली, नागपूर
पण आमचं एक अडलंय. अंदाज आणि कॅमेरा यांतला फरक कधीच शून्याभोवती बसत नाही. गोळी उजवीकडे जाताना एका बाजूला, डावीकडे जाताना दुसऱ्या. पट्टीच वाकडी असेल का?

हिंगणा एमआयडीसी
पट्टी वाकडी असती तर फरक दिशा न बघता एकाच बाजूला राहिला असता. तुमचा तर गोळीच्या दिशेबरोबर उलटतो, म्हणजे वेळेची गडबड. फोटो काढल्यापासून आकडा हाती येईपर्यंतचा वेळ धरलात का? तो 30 मिलीसेकंद असेल तर आलेला आकडा सहा पायऱ्या शिळा आहे. त्या वेळचा अंदाज जपून ठेवा, दुरुस्ती त्यालाच करा आणि मधले सहा कल लावून पुन्हा आत्तापर्यंत या. हिशोब 10 मिलीसेकंदांनी चुकला, तरी 200 च्या वेगाला 2 मिलिमीटरचा फरक दिसतो.

वऱ्हाडी गणित
एवढं सगळं केलं तर कॅमेरा 200 फोटोंचा झाला म्हणायचा!

हिंगणा एमआयडीसी
नाही हो. फोटो निघाल्याबरोबर कोणी बोटानं गोळी ढकलली तर पुढच्या फोटोपर्यंत अंदाजाला पत्ताच नसतो. आणि पट्टी सेकंदाला 24 वेळा थरथरली, तर 25 फोटोंत ती सेकंदाला एकदाच, हळूहळू हलताना दिसते. ते खोटं हलणं मॉडेल ओळखत नाही, खरं धरून मोटर उगाच त्याच्यामागे धावते. पट्टी आधी आवळा.

पॉलिटेक्निकवाली, नागपूर
ठीक. पुस्तिकेत ‘पूर्वानुमान आणि दुरुस्ती’ लिहिते. ‘बहुदर’ला कोणी काही सुचवलं नाही.

वऱ्हाडी गणित
‘दुहेरी ठोक्याचं मापन’? आणि मोटर कोणती आहे? बर्डीवर मिळतो तो साधा हॉबी सर्वो 20 मिलीसेकंदांतून एकदाच आदेश घेतो. तुमचे 5 मिलीसेकंद त्याच्यापुढे वायाच.