मदत हवी आहे: घरदुरुस्ती बुकिंगसाठी घोषवाक्य (वेळ आणि दर), आज रात्रीपर्यंत

पिंचीकर
मंडळी, एक घोषवाक्य हवंय. घरदुरुस्तीचं बुकिंग घेतो. माणूस वेळेवर पोचतो आणि दर आधीच सांगतो, हे दोन मुद्दे आलेच पाहिजेत. मराठीतच हवं. 'आपल्या सेवेत सदैव तत्पर' छापाचं नको, ते प्रत्येक पाटीवर आहे. 'पारदर्शक दर, वक्तशीर सेवा'सुद्धा नको, टेंडर नोटीस वाटते. उद्या सकाळी छपाईला द्यायचंय. पटापट सुचवा.

यमकवीर
हे घ्या, ताजं ताजं:
'वेळेवर दारात, दर आधी हातात!'
'वेळेचा मेळ, दराचा नाही खेळ!'
यमक हवंच. यमकाशिवाय घोषवाक्य लोकांच्या तोंडी बसत नाही.

पानापक्कड
यमक नंतर. आधी हे सांगा: छापणार कशावर? कामं कुठली घेता? माणसं तुमच्या पगारावर आहेत की कमिशनवर? आणि 'दर आधी' म्हणजे नेमका कधी? फोनवर, की घरी येऊन बघितल्यावर?

पिंचीकर
अहो, घोषवाक्य विचारलंय, धंद्याची कुंडली नाही. प्लंबिंग, इलेक्ट्रिक, गिझर आणि किरकोळ सुतारकाम. वाकड, हिंजवडी, रावेत भाग. व्हॉट्सॲपवर बुकिंग. दर फोनवरच सांगतो. मला 'दहा म्हणजे दहा, पाचशे म्हणजे पाचशे' हे आवडलंय. कसं वाटतं?

यमकवीर
कडक आहे, पण यमक नाही.

पानापक्कड
कडक आहे, आणि पहिल्याच महिन्यात अंगाशी येईल. गिझरचंच घ्या. फोनवर तक्रार एकच: 'पाणी तापत नाही.' घरी गेल्यावर चारपैकी काहीही निघतं.

एक, १६ ॲम्पिअरचा प्लग किंवा सॉकेट जळालेलं. स्वस्तातलं काम. दोन, कट-आउट उडालेला. झाकण काढून बटण दाबलं की चालू, पार्ट लागतच नाही. फक्त तो का उडाला हे बघावं लागतं, नाहीतर चार दिवसांत परत फोन. तीन, कॉइल गेलेली. २ किलोवॅटची कॉइल मीटरवर साधारण २६ ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर ती तुटली. मग कॉइल आली आणि तिच्याबरोबर फ्लॅंजचं गॅस्केटही आलं, कारण जुनं गॅस्केट परत बसवलं की हमखास गळतं. बोअरचं पाणी असेल तर क्षार चढून फ्लॅंजचे बोल्ट जाम झालेले असतात, अर्ध्या तासाचं काम दीड तासावर जातं. चार, टाकीच सडलेली. तिथे दुरुस्ती करू नका म्हणून सांगून परत यायचं.

आता या चारांपैकी 'पाचशे म्हणजे पाचशे' कुठल्याला? फोनवर ५०० सांगितले आणि कॉइल निघाली, तर एक तर तुम्ही खिशातून भराल, नाहीतर तुमचा माणूस दारात घासाघीस करेल. दुसरं झालं की घोषवाक्य संपलं.

फोनवर दोनच आकडे छातीठोक सांगता येतात: व्हिजिट चार्ज, आणि त्या कामाची ठरलेली मजुरी. पार्टचा आकडा उघडून बघितल्याशिवाय सांगू नका. उघडल्यावर व्हॉट्सॲपवर पूर्ण आकडा टाकायचा, गिऱ्हाइकाचं 'हो' आलं की मगच पुढे. पार्ट खोक्यासकट दाखवायचा, त्यावरची एमआरपी त्याला वाचू द्यायची. हे पाळता येईल, म्हणून वचनही तेवढंच द्या.

नाना_निगडी
आमच्या सिंकखाली थेंब थेंब गळतंय. निगडीत येता का? किती घेता?

पिंचीकर
नाना, निगडी सध्या नाही. व्यनि करा, बघतो.

पानापक्कड
नाना, बॉटल ट्रॅपची नटं हाताने घट्ट करून बघा. पाना लावू नका, प्लॅस्टिकचा आटा फुटतो. तरी गळलं तर आतला रबरी वायसर बदला.

ताळेबंद
पिंचीकर, जीएसटी नोंदणी आहे का? असेल तर दुरुस्तीच्या कामावर १८ टक्के. पाचशेचं बिल ५९० होतं. 'पाचशे म्हणजे पाचशे' छापून ५९० मागितले तर गिऱ्हाईक घोषवाक्याकडे बोट दाखवेल. सांगायचा तो आकडा करासकट सांगा. नोंदणी नसेल तर कर लावताच येत नाही, तेव्हा 'टॅक्स एक्स्ट्रा' कुठेही लिहू नका.

पिंचीकर
नोंदणी नाही, उलाढाल २० लाखांच्या आत आहे. खाली बारीक अक्षरात 'अटी लागू' टाकतो, विषय संपला.

ताळेबंद
तिथेच संपत नाही. फसव्या जाहिरातींबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना आहेत. खालची टीप मुख्य दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. वर 'ठरलेला दर' आणि खाली 'दर बदलू शकतात' हे चालत नाही. दावा मराठीत असेल तर टीपही मराठीतच हवी. २०२३च्या डार्क पॅटर्नच्या सूचनांमध्ये आधी कमी दाखवून शेवटी वाढीव रक्कम लावण्यालाही मनाई आहे.

पानापक्कड यांचा एक प्रश्न तुम्ही खाल्लात. माणसं पगारी की कमिशनवर?

पिंचीकर
दोघं पगारी, चौघं कमिशनवर. त्याचा घोषवाक्याशी काय संबंध?

ताळेबंद
सध्या व्हॉट्सॲप आहे, पुढे ॲप काढाल. ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून बिगरनोंदणीवाल्या प्लंबर-सुताराचं काम गेलं, तर जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) खाली कर प्लॅटफॉर्मने भरायचा असतो, आणि तिथे २० लाखांची सवलत मिळत नाही. म्हणजे उद्या दरपत्रक हलणार. घोषवाक्यात आकडा नको, एवढाच संबंध. व्हॉट्सॲपवरचं बुकिंग त्यात बसतं का, ते तुमच्या सीएला कागद दाखवून विचारा.

यमकवीर
म्हणूनच म्हणतो, आकडे काढा, यमक ठेवा. 'वेळेवर दारात, दर आधी हातात.' पाळायला सोपं.

पानापक्कड
अर्धं बरोबर. 'दर आधी हातात' म्हणजे कशाच्या आधी ते कळत नाही. गिऱ्हाईक समजणार, फोनवरच पूर्ण दर मिळणार. 'आधी' काम सुरू व्हायच्या आधी, हे वाक्यातच आलं पाहिजे:

'ठरल्या वेळी दारात, दर ठरल्यावरच पाना हातात.'

यमकवीर
माझंच यमक घेतलंत की! बरं, वाक्य चांगलं झालंय, कबूल. पण लांब आहे.

वाकड_फेज२
मराठीचा हट्ट का? या भागात अर्धं गिऱ्हाईक हिंदी बोलतं. हिंदीत करा.

पिंचीकर
दरपत्रक हिंदीत आहेच. घोषवाक्य मराठीतच राहणार. पुढे.

अक्षरजुळारी
छापायचं कशावर, हे अजून सांगितलेलं नाही.

पिंचीकर
टी-शर्टची पाठ, आणि काम झाल्यावर गिझरवर किंवा सिंकखालच्या दारावर लावायचा स्टिकर.

अक्षरजुळारी
मग दोन वेगळी कामं आहेत. टी-शर्टची पाठ लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आठ-दहा फुटांवरून वाचली जाते. सहज वाचायला दर दहा फुटांना साधारण एक इंच उंचीचं अक्षर धरतात. पाठीवर छापायला रुंदी मिळते दहा-अकरा इंच. 'ठरल्या वेळी दारात' एका ओळीत बसेल. 'दर ठरल्यावरच पाना हातात' एका ओळीत घातलं तर अक्षर बारीक होईल. तीन ओळी करा: ठरल्या वेळी दारात / दर ठरल्यावरच / पाना हातात. दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात.

स्टिकर महिन्यांनी वाचला जातो, तेव्हा त्यावर मोबाईल नंबर मोठा आणि घोषवाक्य लहान. गिझरवर लावणार असाल तर कागदी नको, विनाइल घ्या. वाफेने कागद सुटतो. गरम भागावर नको, बाजूच्या टाइलवर चिकटवा.

पानापक्कड
'ठरल्यावरच'मधला 'च' काढून 'दर ठरला की' केलं तर दोन ओळींत बसेल?

अक्षरजुळारी
बसेल, पण जोर जाईल. तो 'च' म्हणजेच तुमचा नियम आहे.

यमकवीर
मी 'की'च्या बाजूने. बोलायला हलकं.

सोसायटी_सेक्रेटरी
'ठरल्या वेळी दारात' छापण्याआधी एक बघा. मोठ्या सोसायटीत माणूस गेटवर दहाला आला तरी नोंद, फ्लॅटमालकाची परवानगी आणि सर्व्हिस लिफ्टची वाट यात पंधरा मिनिटं जातात. गिऱ्हाईक घड्याळ बघतं ते दारात. तुमचा माणूस म्हणणार, मी दहाला गेटवर होतो.

पिंचीकर
मग गेटची वेळ धरायची. वॉचमनमुळे उशीर झाला तर आमचा काय दोष?

सोसायटी_सेक्रेटरी
मग 'गेटवर' छापा.

पानापक्कड
सेक्रेटरींचं बरोबर आहे. उपाय सोपा आहे. माणूस निघाला की त्याचं नाव आणि गाडीचा नंबर गिऱ्हाइकाला पाठवा, म्हणजे परवानगी आधीच देऊन ठेवता येते. आणि गेटवर पोचायची वेळ दारातल्या वेळेच्या २० मिनिटं आधीची धरा.

दुसरं, नेमकी वेळ फक्त दिवसाच्या पहिल्या कामाला द्या. त्यानंतरच्या कामांना 'बारा ते एक' असा तासाचा टप्पा. वर सांगितलेले जाम बोल्ट एकाच घरी निघाले की पुढची सगळी कामं सरकतात. टप्पा चुकणार असं दिसलं तर तो सुरू व्हायच्या अर्धा तास आधी फोन गेला पाहिजे. दारात उभं राहून 'ट्रॅफिक होतं' म्हणण्याला काही अर्थ नसतो.

यमकवीर
मग उशीर झाला तर व्हिजिट चार्ज माफ, हेही छापा! जबरदस्त चालेल.

ताळेबंद
आधी हिशेब करा. समजा दिवसाला १५ कामं, व्हिजिट चार्ज १९९, आणि ३ ठिकाणी उशीर. दिवसाला ५९७ गेले. २६ दिवसांचे १५,५२२. परवडत असेल तर छापा. माझं मत, एक महिना न छापता माफी द्या आणि प्रत्येक उशीर वहीत लिहा. आकडा दिसला की ठरवा.

पिंचीकर
माफी सध्या नाही छापत. गेटवाल्या २० मिनिटांवर मुलांशी बोलतो. वाक्य पानापक्कड यांचं घेतलं, 'च'सकट, तीन ओळींत. यमकवीर, यमक तुमचंच आहे, पहिला टी-शर्ट तुम्हाला. डिझाइनवाल्याला मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतोय.

अक्षरजुळारी
थांबा. त्याच्याकडे जुनं कोरल असेल तर युनिकोड मजकूर चिकटवल्यावर जोडाक्षरं फुटतात. 'ठरल्या'मधला 'ल्या' आणि 'ठरल्यावरच' नीट आलंय का ते बघा. अक्षरं कर्व्ह करून पीडीएफ मागवा आणि छपाईआधी एका टी-शर्टवर नमुना काढून घ्या.

पिंचीकर
पीडीएफ आली. 'ल्या' फुटलाय. परत पाठवतो.

नाना_निगडी
नट घट्ट केलं, थेंब थांबला. व्यनिला उत्तर नाही आलं अजून.