विश्रामबाग सोसायटी ग्रुप : नानांच्या पायाची सूज

*बी-२०४ :* मंडळी, आमच्या नानांचे (वय ७८) पाय चार दिवस सुजलेत. बीपी नेहमी १३० असायचा, काल १६०. लघवीही कमी होतेय. मिरजेच्या हार्टवाल्यांची वेळ सोमवारची आहे. तोवर काय करू?

*ए-३०३ :* मीठ बंद करा वहिनी. आमच्या आईचं असंच होतं.

*सी-१०१ (मेडिकलवाले काका) :* मीठ राहू दे बाजूला. महिन्याभरात नवीन काही सुरू केलंय का त्यांना?

*बी-२०४ :* गुडघ्यासाठी हाडाच्या डॉक्टरांनी गोळी दिली होती, पाच दिवसांची. बरं वाटतंय म्हणून नाना स्वतःच आणून घेतात, तीन आठवडे झाले. पण काका, ती पॅरासिटामॉलच आहे.

*सी-१०१ :* पट्टीच्या मागचा फोटो टाका. बीपीच्या गोळीचाही.

*बी-२०४ :* बीपीची ही. गुडघ्याच्या पट्टीला कात्री लागलीय, नाव गेलं. थांबा, बिलावर आहे.

*सी-१०१ :* बघा, ॲसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. दोन औषधं एकात, आणि त्यातलं पहिलं पेनकिलर. बीपीच्या गोळीतही दोन आहेत, टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. हे दुसरं लघवीचं. म्हणजे तुम्ही दोन गोळ्या म्हणताय, पोटात चार औषधं जातायत, आणि त्यातली तीन एकत्र किडनीला नडतात.

*ए-३०३ :* ते कसं काय ओ?

*सी-१०१ :* किडनीतल्या चाळणीला रक्ताचा दाब लागतो. पेनकिलर आत येणारी नळी आवळतं, टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल करतं, लघवीच्या औषधाने अंगातलं पाणी कमी होतं. दाब पडला की गाळणं मंदावतं. त्यात पेनकिलर मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं, म्हणून सूज आणि वाढलेला बीपी. उन्हाळ्यात किंवा जुलाब लागले तर आणखी लवकर बिघडतं.

*बी-२०४ :* मग दोन्ही बंद करू?

*सी-१०१ :* बीपीची मनाने बंद करू नका. पेनकिलर आज देऊ नका आणि फॅमिली डॉक्टरांना आत्ताच फोन लावा. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतील. सोमवारची वाट बघू नका. लघवी अगदीच थांबली किंवा धाप लागली तर सरळ दवाखाना गाठा.

*बी-२०४ :* (रात्री) क्रिएटिनिन १.९ आलं, जानेवारीत १.१ होतं. पोटॅशियम ५.४. पेनकिलर बंद. बीपीची गोळीही दोन-तीन दिवस थांबवायला डॉक्टरांनीच सांगितलं, परवा पुन्हा रक्त. गुडघ्याला नुसती पॅरासिटामॉल. हाडाच्या आणि बीपीच्या, दोन्ही डॉक्टरांची चिठ्ठी बरोबरच होती म्हणे, फक्त एकाची दुसऱ्याने पाहिली नव्हती.

*सी-१०१ :* कशी पाहणार? नाना हाडाच्या डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने गेले असणार. आता सगळ्या पट्ट्या, चूर्ण, थेंब, मलम एका पिशवीत भरा. कागदावर ब्रँड नको, मागचं बारीक अक्षरातलं नाव, किती मिलिग्रॅम, कोणी दिलं, कशासाठी, कधीपासून, एवढं लिहा. कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना पिशवी बरोबर. आणि पट्टी कापून घेताना नावाची बाजू मागून घ्या.

*बी-२०४ :* पिशवी भरली. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल दोन कंपन्यांची निघाली, नाना दोन्ही घेत होते. 🙈

*ए-३०३ :* काका, उद्या संध्याकाळी आईची पिशवी घेऊन येतो. चहा ठेवा.