मदत हवी आहे: हस्तलिखित तक्रार अर्ज आणि जबाब टाइप करताना चुकीची तारीखही तशीच ठेवायची का?

टंक_टंक

नमस्कार मंडळी. खान्देशात एका तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. आजवर प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज असली कामं केली. त्यांचा नमुना तयारच असतो, नावगाव बदललं की झालं. परवा मात्र वेगळंच काम आलं आणि हात थबकला.

एक काका आले. त्यांचा शेतात जायचा रस्ता शेजाऱ्याने चारी खोदून अडवलाय, त्याची मामलेदार कोर्टात तक्रार आहे. चार पानी अर्ज त्यांनी स्वतः लिहिलाय, सोबत दोन शेतकऱ्यांचे स्वतःच्या हाताने लिहिलेले जबाब. अर्जाखाली ता. ८/११/२०२४ आहे आणि त्याच दिवसाचा आवक शिक्काही. आता दोन आठवड्यांनी कारकून म्हणतोय, अक्षर लागत नाही, टाइप केलेली प्रत जोडा.

अडचण अशी. काकांनी लिहिलंय, ‘शनिवार दि. १०/५/२०२४ रोजी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी’. मी कॅलेंडर पाहिलं. २०२४ ची आखाजी १० मेला होती आणि तो शुक्रवार होता. म्हणजे वार बरोबर, सणाचा दुसरा दिवस बरोबर, तारीख तेवढी एक दिवसाने चुकली. मी ११ करू का? शिवाय एका साक्षीदाराने ‘सात फूट’ खोडून वर ‘पाच फुट’ लिहिलंय. दुसऱ्याच्या जबाबात जेसीबी आणल्याची तारीख 8/5 आहे की ४/५ तेच कळत नाही. आणि शेवटी तारीख कुठली टाकायची, आजची की त्यांची?

काळा_कोट

एवढा विचार करू नका. आशय बदलला नाही म्हणजे झालं. शुद्धलेखन आणि उघड दिसणारी तारखेची चूक दुरुस्त करा, प्रिंट काढा, काकांची आणि साक्षीदारांची सही घ्या. सही झाली की टाइप केलेलीच मूळ. आम्ही ऑफिसात असंच करतो.

गोदाकाठ

सही अजिबात घेऊ नका! पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. आधी सीआरपीसीचं कलम १६२ होतं, आता नव्या संहितेत १८१ आहे. माझ्या चुलतभावाच्या केसमध्ये यावरूनच गोंधळ झाला होता.

टंक_टंक

गोदाकाठ दादा, हे पोलिसांचे जबाब नाहीत. त्या लोकांनी घरी बसून लिहून, सही करून दिलेत.

नक्कलनवीस_निवृत्त

ताई, मी दिवाणी न्यायालयाच्या नक्कल विभागात २९ वर्षं काढली. तुमचा हात थबकला तेच बरोबर झालं.

शेवटच्या तारखेपासून सुरू करतो, कारण खरा घात तिथे होतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ बघा. अडथळा झाला त्या दिवसापासून सहा महिन्यांत दावा यायला हवा, नाहीतर मामलेदाराला तो घेताच येत नाही. काकांनी १० मे लिहिलाय, अर्ज ८ नोव्हेंबरचा. दोन दिवस राखून आलाय. तुम्ही सवयीने खाली आजची तारीख ठोकलीत, तर त्या कागदापुरता अर्ज मुदतीबाहेर जातो. आवक शिक्का मूळ कागदावर आहे, टाइप प्रतीवर नाही. पुढे कोणी फक्त तुमचीच प्रत वाचली तर? म्हणून अर्जातली तारीख ८/११/२०२४ हीच राहील. तुम्ही टाइप कधी केलं ते सांगायचंच असेल तर पानाच्या तळाशी, रेघेखाली, वेगळं लिहा.

आता १० की ११. आपल्याला चूक ‘दिसते’, पण ती कोणती चूक आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. कदाचित तारीखच बरोबर असेल आणि वार-सण चुकला असेल. गावात आखाजी दोन दिवस चालते, कोण कुठला दिवस पहिला धरतो कोण जाणे. ते ठरवायचं काम चौकशीचं आहे. तुम्ही १०/५/२०२४ लिहा आणि पुढे चौकटी कंसात ‘मूळप्रमाणे’. गोल कंस वापरू नका, ते काकांनी स्वतःही वापरले असतील. चौकटी कंसातलं सगळं टंकलेखकाचं, एवढं पहिल्या पानावर एका ओळीत सांगून टाका.

पण ‘मूळप्रमाणे’ची खैरात करू नका. ‘आसता’, ‘फुट’, ‘रस्थ्यावर’ अशा प्रत्येक शब्दाला ते चिकटवलं तर लिहिणाऱ्याची टिंगल केल्यासारखं दिसतं. त्याच ओळीत ‘शुद्धलेखन मुळातलेच ठेवले आहे’ म्हटलं की पुरे. जिथे वाचणाऱ्याला वाटेल की टायपिस्टच चुकला, तिथेच तो कंस.

खोडलेलं वाचता येत असेल तर तेही उतरवा आणि त्यावर रेघ मारा. सात फूट आधी लिहून मग पाच केले, हे समोरच्या वकिलाच्या कामाचं आहे आणि तुमच्या काकांच्याही. गिरवून काळं केलेलं असेल तर [खोडलेला शब्द, वाचता येत नाही]. अंदाजाने भरू नका.

काळा_कोट

काका, मान्य, पण मग सही घेऊन टाकली तर काय बिघडलं?

नक्कलनवीस_निवृत्त

बिघडत काही नाही, वस्तू बदलते. आज सही घेतलेला कागद म्हणजे साक्षीदाराचं आजचं नवं म्हणणं. तेही देता येतं, प्रतिज्ञापत्र करून तर जरूर द्या. पण मग त्यावर आजची तारीख हवी आणि तो जुन्या जबाबाची प्रत म्हणवत नाही. तुमच्या पद्धतीत जुनी तारीख, सुधारलेला मजकूर आणि आजची सही असं कडबोळं होतं. उलटतपासणीत मूळ कागद समोर आला की पहिला प्रश्न तोच.

प्रतीवर जिथे मुळात सही आहे तिथे ‘सही/-’ आणि पुढे नाव. अंगठा असेल तर ‘नि. डा. हा. अं.’ जसं असेल तसं.

फॉन्टवेडा

आकड्याबद्दल मी बोलतो, कारण मी यात पोळलोय. आपल्याकडे एकाच पानावर लोक मराठी-इंग्रजी आकडे मिसळतात. घाईत काढलेला मराठी ४ वरून मिटला की इंग्रजी 8 दिसतो, मराठी १ आणि इंग्रजी 9 ची तीच गत. नुसत्या त्या तारखेकडे टक लावून उपयोग नाही. त्याच माणसाने त्याच पानावर लिहिलेला असा आकडा शोधा जो तुम्हाला दुसरीकडून पक्का माहीत आहे. गट नंबर उत्तम, कारण सातबाऱ्यावर छापील मिळतो.

दुसरं म्हणजे वर्ड स्वतःच शहाणपणा करतं. ता. `1/2` टाइप करून स्पेस दिली की त्याचा ½ होतो. अर्जदाराने मुद्दे १, २, ४ असे टाकले असतील, म्हणजे ३ राहून गेला असेल, तर स्वयंचलित क्रमांक त्याचे १, २, ३ करून मोकळे. मग जबाबात ‘मुद्दा ४ प्रमाणे’ लिहिलेलं कुठेच जुळत नाही. `AutoFormat As You Type` मधल्या या दोन्ही खुणा काढून टाका.

आणि कृतिदेवमध्ये काम करत असाल तर जपून. त्यात `/` दाबलं की अर्धा ध येतो, तिरकी रेघ `@` वर आहे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की तारीख `10@5@2024` दिसते आणि कोणीतरी ती ‘नीट’ करायला जातं. सरळ युनिकोडमध्ये करा.

सातवा_मजला

आमच्या सोसायटीतही सचिवाने माझी गळतीची हस्तलिखित तक्रार टाइप केली आणि ‘तीन वेळा सांगितले’चं ‘वारंवार सांगितले’ केलं. मी तारखा दिल्या होत्या, त्या गेल्या! यावर निबंधकाकडे तक्रार करता येते का?

टंक_टंक

ताई, त्यासाठी वेगळा धागा काढाल का? इथे हरवेल.

फॉन्टवेडा, गट नंबरची युक्ती लागू पडली. त्या साक्षीदाराचा गट नंबर सातबाऱ्यावर ८४ आहे. जबाबात त्याने 8 दोन गोलांचा काढलाय आणि ४ वरून उघडा. तारखेतला आकडा दोन गोलांचा आहे, म्हणजे आठच. चार निघाला असता तर सहा महिने ४ नोव्हेंबरलाच संपले असते असं समोरच्याने म्हटलं असतं, हे आत्ता लक्षात येतंय.

एक वाक्य असं झालंय, बघून सांगा:

‘शनिवार दि. १०/५/२०२४ [मूळप्रमाणे] रोजी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलगाडी घेऊन जात आसता आडवी चारी खोदलेली दिसली व तो मला म्हणाला, आठून जाऊ नको.’

‘आठून’चं ‘इथून’ करायचा मोह झाला होता. नाही केलं.

नक्कलनवीस_निवृत्त

उत्तम. समोरचा जे शब्द बोलला ते तर मुळीच बदलायचे नाहीत.

आता रुजवात. एकट्याने पडद्यावर बघून होत नाही, डोळा पुढचं आपोआप वाचतो. एकाने मूळ कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायचा, काना-मात्रा-स्वल्पविराम सांगत, आणि दुसऱ्याने प्रिंटवर बोट ठेवून ताडायचं. तारखा आणि आकडे शेवटी उलट्या क्रमाने पुन्हा एकदा. मोबाइलवरच्या फोटोवरून टाइप केलं असेल तरी रुजवात मूळ कागदाशीच घ्या. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६३ खालच्या उदाहरणांतच आहे, नकलेवरून केलेली नक्कल मुळाशी ताडली नसेल तर ती दुय्यम पुरावासुद्धा धरत नाहीत.

काळा_कोट

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे काका, दुय्यम पुरावा आता कलम ५८ मध्ये. पण मुद्दा पटला. फक्त ताईंनी खाली ‘टंकलेखन व रुजवात करणार’ म्हणून सही करू नये. उद्या त्यांनाच साक्षीला बोलावतील.

नक्कलनवीस_निवृत्त

आम्ही करायचो.

काळा_कोट

तुम्ही सरकारी नोकर होतात. दुकानदाराचं तसं नाही.

नक्कलनवीस_निवृत्त

सही नसलेल्या नकलेला मी तरी नक्कल म्हणणार नाही. अर्जदाराची सही ‘मुळाशी ताडून पाहिली’ म्हणून घ्या, हा मधला मार्ग. पण मला तो अर्धवटच वाटतो.

टंक_टंक

काल रुजवात घेतली. सासऱ्यांनी वाचलं, मी ताडलं, काका समोर बसलेले. १० तारीख ऐकल्यावर ते स्वतःच म्हणाले, ‘अरे, आखाजी शुक्रवारी होती, मी शनिवारी गेलो.’ मी अर्जाला हात लावला नाही. त्यांनी वेगळा कागद घेतला, अर्जात १०/५ लिहिलं ते ११/५ वाचावं असं स्वतः लिहून कालचीच तारीख टाकली. तोही टाइप करून जोडला.

कारकुनाने प्रत घेतली, पण ‘एवढ्या अशुद्ध का?’ म्हणून कुरकुर केली. पहिल्या पानावरची ओळ दाखवली तेव्हा गप्प बसला. सही कोणी करायची ते तुम्ही दोघं ठरवा, सध्या काकांचीच आहे.

एक राहिलंच. दुसऱ्या साक्षीदाराचा जबाब शाईचा आहे, पण समासात पेन्सिलीने ‘सकाळी ९’ लिहिलंय आणि तो म्हणतो हे माझं अक्षर नाही. हे प्रतीत घ्यायचं का?