बायोत काय लिहायचं?

> "नऊ वर्षं साइटवर काढली, पण बायो लिहायला बसले की दोन ओळींच्या पुढे काही सुचतच नाही."

ताई, तुमच्यासाठी ही छोटीशी गोष्ट.

बाणेरच्या फ्लॅटवर रात्री एक साइट इंजिनिअर 'मेहनती, टीम प्लेअर' टाइप करायची नि खोडायची, शेवटी जुनी साइट डायरी काढली. कॉलमच्या एम ३० काँक्रीटचे क्यूब ७ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटनच्या आसपास जायला हवे होते, फुटले १४ ला. पंपिंग सोपं जावं म्हणून मिक्सरमध्ये पाइपने पाणी सोडत होते, ते तिनेच पकडलं, वरचा स्लॅब थांबवला, कोअर काढायला लावले, तेही कमी भरले, मग कॉन्ट्रॅक्टर ओरडत असतानाही कॉलमना जॅकेटिंग करून घेतलं. पानावर सिमेंटने माखलेल्या अंगठ्याचा ठसा अजून होता. तिने लिहिलं, "मी स्लॅब थांबवला." यावेळी खोडलं नाही.